कार्डावरचा मासा

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक छोटं कार्ड ठेवलेलं असतं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यावर करड्या रंगाचा एक चौकोन दिसतो, बाकी काही नाही. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं की त्याच चौकोनात चित्र उमटतं. आम्ही गेलो त्या दुकानातल्या कार्डावर मासा होता. भाचा मार्चमध्ये मित्रांबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला निघालाय, त्याच्यासाठी गॉगल बघत होतो. त्यानं गॉगल डोळ्यांवर चढवला, मासा दिसला आणि त्याचा चेहरा खुलला. "मावशी, तू बघ ना!" मीही पाहिला. काउंटरपलीकडचा मुलगा म्हणाला, "बघा मॅडम, पूर्ण यूव्ही प्रोटेक्शन. डुप्लिकेट मालात मासा दिसतच नाही." तो फसवत नव्हता. त्याला कुणीतरी असंच शिकवलं होतं आणि तो ते मनापासून सांगत होता. पण मासा दिसण्याचा आणि यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, अडण्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तो मासाच घोळत होता, कारण बर्फावर जाणाऱ्या मुलाला नेमका त्याच्याच भरवशावर गॉगल विकला जात होता.

त्या कार्डावर कळतं ते एवढंच, की काच पोलराइज्ड आहे. ही गोष्ट किती जुनी आहे ते फार छान आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालूस नावाचा अभियंता आपल्या घराच्या खिडकीतून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. मावळतीचा सूर्य राजवाड्याच्या तावदानांवर चमकत होता आणि मालूसच्या हातात कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक होता. स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात हे त्याला माहीत होतं. पण स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंद होत गेली आणि दुसरी उजळत गेली. थेट सूर्याच्या प्रकाशात असं होत नव्हतं, तावदानावरून उसळून आलेल्या प्रकाशात होत होतं. म्हणजे काचेवरून किंवा पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश साध्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो, त्याची कंपनं बरीचशी एकाच दिशेत होत असतात. पाणी, ओला रस्ता, टाइल्स असे पृष्ठभाग आडवे असतात, म्हणून त्यांच्यावरून येणारी चकाकीही आडव्या कंपनांची असते. पोलराइज्ड काच उभी कंपनं आत सोडते आणि आडवी अडवते. गॉगल हातात घेऊन दुकानातल्या फरशीवरची चमक त्यातून पाहिली आणि काच हळूहळू नव्वद अंशांत फिरवली, तर चमक विझताना आणि परत पेटताना दिसते. कार्ड नसलं तरी तेवढ्यानं भागतं.

हे काम ती काच उत्तम करते, यात शंका नाही. मालवणच्या किनाऱ्यावर खडकांवर उभं राहून पाण्याकडे बघावं. साध्या डोळ्यांना नुसता चांदीचा लखलखाट दिसतो. पोलराइज्ड गॉगल लावला की लखलखाटाखालचं पाणी उघडतं: हिरवट तळ, शेवाळलेले दगड, मधूनच सर्रकन जाणारी छोट्या माशांची झुंड. गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना हा गॉगल जिवापाड प्रिय असतो तो उगाच नाही. पण हा चमत्कार सगळीकडे सारखा घडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर चकाकी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. डोळे पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असतील तर सुमारे दोन मीटर पुढचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. पायाशी सरळ खाली पाहिलं किंवा दूर क्षितिजाकडे पाहिलं, की काच पोलराइज्ड असल्याचा फायदा कमी कमी होत जातो आणि उरतो तो फक्त तिचा गडदपणा. मान एका खांद्याकडे झुकवली तरी चकाकी परत येते. होडीतून डॉल्फिन बघायला जाणारी माणसं दूरवर बघत असतात आणि "एवढा महागाचा गॉगल, तरी डोळे दिपतातच" म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

आणि समुद्राची दुसरी गंमत अशी, की ज्या लखलखाटानं आपण हैराण होतो त्यात यूव्ही त्या मानानं थोडा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून दहा टक्क्यांहूनही कमी अतिनील किरण परततात, लाटांच्या फेसावरून साधारण पंचवीस. समुद्रावर डोळ्यांना यूव्ही मिळतो तो मुख्यतः मोकळ्या आभाळातून, सगळ्या बाजूंनी आणि तासन् तास.

कोकणात किनाऱ्यावरच्या गावांतून फिरताना मासेमारी करणाऱ्या वयस्क माणसांच्या डोळ्यांत पाहिलं तर काहींच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नाकाच्या बाजूनं गुलाबी मांसल पडदा चढलेला दिसतो. डोळ्यात मांस वाढलंय असं म्हणतात त्याला; डॉक्टर टेरिजियम म्हणतात. तो वाढत वाढत काळ्या बुबुळावर आला तर नजर बिघडवतो, आणि काढला तरी काहींना पुन्हा येतो. ऊन, वारा, धूळ यांत आयुष्य काढणाऱ्यांत तो जास्त आढळतो आणि त्यात यूव्हीचा वाटा मोठा मानला जातो. मला नेहमी प्रश्न पडायचा, की तो बहुतेकदा नाकाच्याच बाजूनं का येतो? ऊन तर त्या बाजूनं लागतच नाही, उलट नाकाची सावली असते. मिनास कोरोनिओ या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञानं दिलेलं उत्तर वाचल्यापासून मी गॉगलची पुढची काच बघण्याआधी काडी बघायला लागले. कानशिलाच्या बाजूनं, तिरका येणारा प्रकाश डोळ्याच्या फुगीर पारदर्शक पडद्यात शिरतो, तिथे वळतो आणि पलीकडे, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. म्हणजे इजा होते नाकाच्या बाजूला, पण प्रकाश शिरलेला असतो कानाच्या बाजूनं. छोट्या गोल काचांचा, तारेसारख्या बारीक काड्यांचा सुंदर गॉगल ती बाजू उघडीच ठेवतो. मग पुढची काच कितीही भारी असो.

डोळ्याला खुपतं ते एक, आणि डोळ्याला दुखावतं ते दुसरं.

गाडीत हे आणखी स्पष्ट होतं. सप्टेंबरात दुपारी उशिरा पुण्याहून मुंबईकडे निघावं. नुकतीच सर पडून गेलेली, खंडाळ्यापुढे सूर्य समोर उतरलेला, आणि ओला एक्स्प्रेसवे वितळलेल्या शिशासारखा चमकत असतो. लेनच्या पट्ट्याही दिसत नाहीत. डॅशबोर्ड पॉलिश करून चकचकीत ठेवलेला असला तर त्याचंही प्रतिबिंब समोरच्या काचेत तरंगत राहतं. अशा वेळी पोलराइज्ड गॉगल खरोखर जीव वाचवणारा आहे: रस्त्यावरची चमक उतरते, डॅशबोर्डचं भूत पुसट होतं, पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट वेळेवर दिसतात. पण समोर थेट सूर्य आला तर पोलराइज्ड काच साध्या काळ्या काचेपेक्षा काही वेगळं करत नाही. तिथे सन व्हायझर खाली करावा लागतो. आणि यूव्हीची काळजी गाडीत सगळ्यात कमी, कारण समोरची काच दोन थरांची असते, मधल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यामुळे ती बहुतेक अतिनील किरण स्वतःच अडवते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या नंबरच्या काचा गाडीत काळ्या होत नाहीत अशी तक्रार असते ना, तीही याचमुळे. त्यांना काळं व्हायला यूव्ही लागतो आणि तो आत येतच नाही. बाजूच्या खिडक्यांचं मात्र सांगता येत नाही. त्या वेगळ्या काचेच्या असतात, काही बराच यूव्ही आत सोडतात.

गाडी चालवताना काचेचा गडदपणा फार जपून निवडायला हवा. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात शून्य ते चार यांपैकी एक आकडा असतो. तो आकडा काच किती काळी आहे एवढंच सांगतो. तीन नंबरची काच दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के आत सोडते, चार नंबरची फक्त ३ ते ८ टक्के. चार नंबर लावून गाडी चालवायचीच नाही, हे या आकड्यांच्या मानकातच लिहिलेलं आहे. तीन नंबर भर उन्हात ठीक, पण कामशेतचा किंवा भाताणचा बोगदा आला की आत शिरताना पहिले काही क्षण अक्षरशः अंधारात जातात. बोगद्याची पाटी दिसली की मी गॉगल नाकावर खाली सरकवते. ढगाळ दिवशी दोन नंबर पुरतो. काचेचा रंग करडा किंवा तपकिरी असावा, सिग्नलचे रंग त्यात नीट ओळखू येतात. पोलराइज्ड काचेतून काही गाड्यांचे आणि मोबाइलचे स्क्रीन एका कोनात काळे पडतात, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या गाडीत बसून एकदा बघून घ्यावं. आणि रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून विकले जातात ते पिवळे चष्मे कुणी घेऊ नयेत. रात्री मुळातच प्रकाश कमी असतो, त्यातला आणखी थोडा कमी करून कुणाचं दिसणं सुधारत नाही.

दुचाकीवाल्यांचा मामला निराळा. हेल्मेटच्या व्हायझरमधून पोलराइज्ड गॉगलनं पाहिलं तर इंद्रधनुषी पट्टे दिसतात, प्लास्टिकमधले ताण त्यातून दिसायला लागतात. शिवाय रस्त्यावर सांडलेलं ऑइल किंवा पाणी ओळखायचं ते त्याच्या चमकेवरूनच. चमक पुसली की इशाराही पुसला जातो. म्हणून बरेच अनुभवी रायडर साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल पसंत करतात, आणि मला ते पटतं.

आता बर्फ.

हिमाचलातल्या एका ट्रेकमध्ये आमच्या ग्रुपमध्ये एक जण होती, उत्साही, सतत फोटो काढणारी. सकाळी ऊन होतं तोवर तिनं गॉगल लावला होता. दहा-अकराच्या सुमाराला पातळ ढग आले, सगळं दुधाळ झालं, डोळे मिचकवायची गरज राहिली नाही. फोटोत चेहरा दिसावा म्हणून तिनं गॉगल टोपीवर चढवला आणि दुपारभर तो तिथेच राहिला. कॅम्पवर आलो तेव्हा ती ठणठणीत होती, चहा प्यायली, गाणी म्हटली. मध्यरात्री तंबूतून तिचा कण्हण्याचा आवाज आला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचतंय म्हणत होती, पाणी थांबत नव्हतं, टॉर्चचा उजेड पडला की तोंड फिरवत होती. पापण्या सुजल्या होत्या. गाइडनं एका नजरेत ओळखलं. डोळे चोळू दिले नाहीत, थंड पाण्याची ओली पट्टी ठेवली, दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या तंबूत पडून राहायला लावलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. ही हिमांधता, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पडद्याचं उन्हानं भाजणं. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की भाजताना काहीच कळत नाही. दुखणं सहा ते बारा तासांनी सुरू होतं, तोवर दिवस संपलेला असतो.

ढगानं तिला फसवलं. पातळ ढग चकाकी खाऊन टाकतो, पण अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आरपार येतात. त्यात ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो. कोरडी वाळू पंधराच्या आसपास फेकते, यावरून फरक लक्षात यावा. उंचीचंही गणित आहे: दर हजार मीटरला यूव्ही साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. केदारकंठाचं शिखर ३८०० मीटरच्या जवळपास आहे, म्हणजे तिथे मुंबईच्या चौपाटीपेक्षा चाळीसेक टक्के जास्त. आणि तो येतो खालून. टोपीची झडप, भुवया, खोल डोळे, हे सगळं वरच्या उन्हासाठी आहे. पायाखालून येणाऱ्या उन्हाला अडवायला आपल्या चेहऱ्यावर काहीही नाही. गॉगल गालापासून बोटभर पुढे असला तर त्या फटीतून ते थेट आत जातं.

पोलराइज्ड काच इथे फारशी उपयोगी नाही. बर्फाचे कण हजारो दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे त्यांच्यावरून येणारा प्रकाश पाण्यासारखा एका दिशेत शिस्तीत येत नाही आणि काचेला अडवायला नेमकं काही सापडत नाही. थोडी चमक कमी होते, इतकंच. उलट जिथे बर्फाचं पाणी होऊन परत गोठलेलं असतं तिथे तो गुळगुळीत थर काचेसारखा चमकतो, आणि पाय घसरायची जागा तीच. ती चमक दिसलेली बरी.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन परत त्याच दुकानात गेले. मालक स्वतः होते. मी त्यांना विचारलं, यूव्ही मोजायचं मशीन आहे का? काही दुकानांत छोटं मीटर असतं, काच मधे धरली की किती टक्के यूव्ही आरपार जातो तो आकडा दाखवतं. त्यांच्याकडे नव्हतं. पण गल्ल्याजवळ नोटा तपासायचा निळसर दिवा होता. पाचशेची नोट त्याखाली धरली की तिच्यावरचे नंबर आणि आतली सुरक्षा पट्टी चमकायला लागते, कारण त्या दिव्यात यूव्ही असतो. आता दिवा आणि नोट यांच्या मधे गॉगलची काच धरायची. काच यूव्ही अडवत असेल तर तिच्या सावलीत आलेले नंबर विझतात. मासा दाखवणारा गॉगल धरला: नंबर विझले. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग मी बाहेरच्या स्टँडवरचा, काळाकुट्ट, दीडशे रुपयांचा गॉगल धरला. नंबर मंद झाले, पण चमकत राहिले. असा काळा गॉगल उघड्या डोळ्यांपेक्षाही वाईट ठरू शकतो, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि माणूस डोळे बारीक करायचं सोडून देतो. मुलगा काउंटरवरून वाकून बघत होता. "म्हणजे कार्ड वेगळं आणि हे वेगळं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग त्यानं ट्रेमधले सगळे गॉगल एकेक करून नोटेवर धरले. ही तपासणी ढोबळ आहे. यूव्हीची हद्द ४०० नॅनोमीटरला संपते, त्या काठापर्यंतचा सगळा यूव्ही काच अडवते का ते हा दिवा सांगू शकत नाही. त्यासाठी 'यूव्ही ४००' हा शिक्का आणि विश्वासातलं दुकान हवं. पण साफ खोटा माल यात उघडा पडतो.

मासेवाला गॉगल यूव्हीत पास झाला तरी आम्ही तो घेतला नाही. तो सपाट होता. भाच्यानं तो लावून मान खाली घातली आणि मी त्याच्या गालाजवळून मोबाइलचा टॉर्च वर मारला, तर उजेड सरळ पापणीवर पडला. बाजूनं मारला तरी तेच. मग शोध सुरू झाला तो चेहऱ्याला वळसा घालणाऱ्या, रुंद काडीच्या गॉगलचा. त्यात भाच्याला नंबर आहे, वजा तीन. नंबरच्या चष्म्यावर लावायच्या क्लिप मिळतात, पण त्यांच्या चारी बाजू उघड्या, बर्फासाठी निरुपयोगी. वळसा घातलेल्या फ्रेममध्ये नंबरची काच बसवता येते, मात्र नंबर वाढेल तशी कडेला नजर वाकडी व्हायला लागते, म्हणून ती जाणकाराकडून, लावून बघून करावी लागते. शेवटी चष्म्याच्या वरून पूर्ण बसणारा मोठा गॉगल मिळाला: पॉलिकार्बोनेटची काच, यूव्ही ४००, तीन नंबरचा करडा रंग, काड्या दोन बोटं रुंद, वरची कड कपाळाला आणि खालची गालाला टेकणारी. दिसायला वेल्डिंगवाल्यासारखा. भाच्याचं तोंड जरा उतरलं होतं, पण टॉर्च कुठूनही मारला तरी उजेड आत येत नव्हता. चार नंबरची काच मी मुद्दाम नाही घेतली. त्यांचा मुक्काम जंगलात आहे, पाइनच्या गर्द सावलीत ती फार काळी होते, मग पोरं ती काढून ठेवतात, आणि डोळ्यांवर नसलेल्या गॉगलचा कुणाला उपयोग? महिनाभर हिमनदीवर राहणाऱ्यांनी मात्र ती घ्यावी. गॉगलला गळ्यात अडकवायची दोरी लावली आणि पातळ ढग आले तरी काढायचा नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतलं.

गॉगल दरीत पडला किंवा मोडला तर काय, हे त्यानंच विचारलं. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांकडे याचं उत्तर काच येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. हाड, लाकूड किंवा वॉलरसच्या दातापासून ते चेहऱ्याला घट्ट बसणारा चष्मा कोरत आणि त्यात डोळ्यांपुढे फक्त आडवी बारीक फट ठेवत. प्रकाश कमी, यूव्ही कमी, चारी बाजू बंद, आणि काच नसल्यामुळे वाफही धरत नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्याला नाकासाठी खाच पाडायची, डोळ्यांसमोर एक-दोन मिलिमीटर रुंदीची आडवी चीर द्यायची, आतून काळ्या मार्करनं रंगवायचा आणि दोरीनं डोक्यामागे बांधायचा. आम्ही बिस्किटांच्या खोक्याचा एक करून बघितला, चांगला जमला. तो चपटा करून त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलाय. त्यातून समोरचं दिसतं, पायाजवळचं नीट दिसत नाही, म्हणून तो लावून उतरायची वेळ आली तर काठी पुढे टेकत, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत उतरायचं.